सेरेन्डिपिटी : एका छोट्या भाषणातला मोठा शब्द

गोव्यात मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या प्राथमिक शाळेतून आलेलं मूल पाचवीत गेलं की बहुतेक विषय एकदम इंग्रजीतून शिकू लागतं. त्याच्या कानाला तोवर सवय असते ती देवनागरीची, जिथे जसं म्हणायचं जवळजवळ तसंच लिहायचं. इंग्रजी स्पेलिंग त्याला सुरुवातीला अन्यायासारखं वाटतं, आणि ते मला पूर्ण पटतं. म्हणून शाळेच्या स्पेलिंग स्पर्धेआधी एका मुलीने एका शब्दावर थोडक्यात बोलावं असं ठरलं, तेव्हा मी तिला 'सेरेन्डिपिटी' हा शब्द सुचवला. लांबलचक, ऐकायला परका, पण उलगडला की ज्यातल्या एकेका अक्षराचं कारण सांगता येतं असा शब्द शोधायचा होता. पालक समोर बसणार म्हणून भाषण मराठीत लिहिलं. ते आधी देतो आणि मग त्यात एकेका ओळीत आटोपलेल्या गोष्टी सावकाश सांगतो.

"आदरणीय मुख्याध्यापक, सर, टीचर, पालक आणि माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

आज मी एका अकरा अक्षरी शब्दाबद्दल बोलणार आहे. एस, ई, आर, ई, एन, डी, आय, पी, आय, टी, वाय. सेरेन्डिपिटी. आपण शोधत असतो एक, सापडतं दुसरंच, आणि जे सापडलं ते मोलाचं आहे हे आपल्या लक्षात येतं, त्याला सेरेन्डिपिटी म्हणतात.

बहुतेक शब्द कोणी आणि कधी तयार केले ते सांगता येत नाही. या शब्दाची जन्मतारीख मात्र माहीत आहे. 28 जानेवारी 1754 रोजी लंडनच्या होरेस वॉलपोल यांनी मित्राला लिहिलेल्या पत्रात तो पहिल्यांदा वापरला. त्यांनी पूर्वी एक गोष्ट वाचली होती, सेरेन्डिपच्या तीन राजपुत्रांची. त्या राजपुत्रांना न शोधलेल्या गोष्टी सापडायच्या. सेरेन्डिपला त्यांनी 'इटी' जोडलं आणि नवा शब्द झाला.

सेरेन्डिप कुठे आहे ठाऊक आहे? ती आपली श्रीलंका. सिंहलद्वीप या नावाचं परदेशात फिरता फिरता सेरेन्डिप झालं. म्हणजे यातला 'डिप' हा आपला द्वीप आहे. माझ्या आजोबांच्या जुन्या कागदांवर 'गोवा, दमण आणि दीव' असं छापलेलं आहे. त्या दीवमध्येसुद्धा तोच द्वीप आहे.

स्पेलिंग आठवायला मी एक युक्ती करते. आधी 'सेरेनिटी' लिहायचं, म्हणजे शांतता. मग तिच्या मधोमध 'डिप' ठेवायचा, डी, आय, पी. झाली सेरेन्डिपिटी! तपासून पाहायचं असेल तर स्वर मोजायचे. आधी दोन ई, मग दोन आय, आणि शेवटी एकटा वाय.

हा शब्द मला पहिल्यांदा दिसला तेव्हा मी घाबरले होते. आता तो मी झोपेतून उठवलं तरी सांगेन, कारण यातलं एकही अक्षर मी पाठ केलेलं नाही. प्रत्येक अक्षर तिथे का आहे ते मला माहीत आहे. धन्यवाद."

एवढंच भाषण. ठासून न बोलता, श्रोत्यांकडे पाहत म्हटलं तर तीन मिनिटांत होतं. मुलांना हा शब्द का आवडतो याचं उत्तर तिच्या शेवटच्या वाक्यात आहे, असं मला मनापासून वाटतं. आता त्या वाक्यामागचा पसारा पाहू.

होरेस वॉलपोल हे ब्रिटनचे पहिले पंतप्रधान मानले जाणारे रॉबर्ट वॉलपोल यांचे चिरंजीव. जुन्या वस्तू, चित्रं, घराण्यांच्या वंशावळी यांचा त्यांना विलक्षण नाद, आणि पत्रं लिहिण्याचा त्याहून मोठा. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये ब्रिटनचे प्रतिनिधी असलेल्या होरेस मान या मित्राला त्यांनी आयुष्यभर पत्रं लिहिली. मान यांनी त्यांना बियांका कॅपेल्लो या स्त्रीचं चित्र पाठवलं होतं. ही व्हेनिसच्या घराण्यातली, पुढे टस्कनीच्या ग्रँड ड्यूकशी म्हणजे मेदिची घराण्यातल्या राज्यकर्त्याशी तिचं लग्न झालं. चित्र पोचल्याचं कळवताना वॉलपोलनी सहज मिळालेला एक शोध सांगितला. व्हेनिसच्या घराण्यांच्या चिन्हांचं एक जुनं पुस्तक चाळताना त्यांना कॅपेल्लो घराण्याची दोन चिन्हं दिसली. इटालियनमध्ये कॅपेल्लो म्हणजे टोपी, त्यामुळे चिन्हातही टोपी. पण दोनपैकी एका चिन्हात निळ्या गोलावर एक फूल जास्तीचं होतं. हे फूल लग्नसंबंध जुळल्यावर ग्रँड ड्यूकने बहाल केलं असणार, असा वॉलपोलनी तर्क केला. आणि लिहिलं की असल्या शोधांना मी सेरेन्डिपिटी म्हणतो.

ती व्याख्याही त्यांनी त्याच पत्रात करून ठेवली. राजपुत्र प्रवासात असताना, शोधत नसलेल्या गोष्टी त्यांना सापडत राहायच्या, आणि त्या सापडायच्या दोन कारणांनी : योगायोगाने आणि चाणाक्षपणाने. ही दोन्ही कारणं हवीत, एकाने भागत नाही. आजकाल कोणतीही सुखद योगायोगाची भेट झाली की सेरेन्डिपिटी म्हणण्याची पद्धत पडली आहे. रस्त्यात शंभराची नोट सापडली तर ते नुसतं नशीब झालं. पुस्तकातलं फूल कोणालाही दिसलं असतं, पण ते तिथे का आहे हे ओळखायला मेदिचींचं चिन्ह माहीत असणारा डोळा हवा होता.

आपल्याकडे संस्कृतातून आलेले दोन न्याय इथे समोर ठेवण्याजोगे आहेत. कावळा झाडावर बसायला आणि ताडफळ पडायला एकच गाठ पडली तर तो काकतालीय न्याय. त्यात कावळ्याची हुशारी काहीच नाही, म्हणून तो सेरेन्डिपिटीत बसत नाही. दुसरा घुणाक्षर न्याय. लाकूड पोखरणाऱ्या किड्याच्या कुरतडण्यातून एखादं अक्षर उमटतं. किड्याला ते अक्षर आहे हे कळत नाही, पण लिहितावाचता येणारा माणूस जवळून गेला तर तो थबकतो. त्या थबकण्याशी वॉलपोल यांच्या शब्दाचं जास्त जवळचं नातं आहे. मुलांना अर्थ समजावताना मी हे दोन न्याय शेजारी शेजारी ठेवतो, म्हणजे 'नशीब' आणि 'सेरेन्डिपिटी' यांची गल्लत होत नाही.

आता नावाचा प्रवास. सिंहलद्वीप हे संस्कृत रूप, पालीत सीहलदीप. अरब आणि फारसी दर्यावर्दींच्या, लेखकांच्या तोंडी त्याचं सरन्दीब किंवा सरन्दीप झालं. 'ह' गळला, 'ल' चा 'र' झाला, आणि अरबीत 'प' हा वर्णच नसल्याने तिथे शेवटी 'ब' आला. अमीर खुसरो यांनी 1302 च्या सुमारास दिल्लीत रचलेल्या 'हश्त बिहिश्त' या फारसी काव्यात तीन चतुर भावांची ही गोष्ट आहे. पुढे 1557 मध्ये व्हेनिसमध्ये ती इटालियनमध्ये छापली गेली. त्याच्या आदल्याच वर्षी, 1556 मध्ये, ओल्ड गोव्यात सेंट पॉल कॉलेजात छापखाना आला होता, भारतातला पहिला. पूर्वेकडून गोष्टी पश्चिमेकडे चालल्या होत्या आणि पश्चिमेकडून छपाईची यंत्रं इकडे येत होती, त्या काळातली ही गोष्ट आहे.

इटालियन छापील पुस्तकात देशाचं नाव होतं सेरेन्दिप्पो. पहिले दोन्ही स्वर ई, आणि पी चक्क दोन. 1719 मध्ये त्यावरून फ्रेंच पुस्तक निघालं आणि 1722 मध्ये त्या फ्रेंचवरून इंग्रजी. या दोन्ही पुस्तकांच्या नावात मात्र पहिला स्वर ए होता : एस, ए, आर, ई, एन, डी, आय, पी. म्हणजे वॉलपोल यांनी इंग्रजी पुस्तकाबरहुकूम लिहिलं असतं तर आज आपली मुलं 'सॅरेन्डिपिटी' लिहीत बसली असती, आणि एक ई, एक ए असा घोळ कायमचा मागे लागला असता. पत्रात त्यांनी ई लिहिला आणि तोच टिकला. स्पेलिंग शिकणाऱ्यांवर त्यांचे हे नकळत झालेले उपकारच म्हणायचे.

याच बेटाचं दुसरं नाव आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना चांगलं माहीत आहे : सिलोन. रेडिओ सिलोनवर गाणी ऐकलेली पिढी अजून आहे. तेही सिंहलमधूनच निघालं, फक्त वाट वेगळी. पोर्तुगीज त्या बेटावर 1505 मध्ये पोचले, त्यांनी त्याला सेइलांव म्हटलं, आणि तिथला त्यांचा कारभार पुढे गोव्याहूनच चालायचा. इंग्रजांनी त्यावरून सिलोन केलं. एकाच सिंहल शब्दाची दोन लेकरं, एक अरबी-फारसी वाटेने गेलेलं सेरेन्डिप आणि एक पोर्तुगीज वाटेने गेलेलं सिलोन. गोव्यातल्या मुलाला ही गोष्ट सांगताना नकाशा काढायचाही फार त्रास पडत नाही, कारण निम्मा नकाशा त्याच्या घरातल्या बोलण्यातच असतो. 'गोवा, दमण आणि दीव' हा केंद्रशासित प्रदेश 1987 मध्ये संपला आणि गोवा राज्य झालं, पण जुन्या दाखल्यांवर ते नाव अजून दिसतं. दीव म्हणजे द्वीप हे सांगितलं की मुलं आपणहून लक्षद्वीप, मालदीव अशी नावं काढू लागतात. ती बरोबरच आहेत.

आता स्पेलिंगकडे येऊ, कारण स्पर्धेत गुण त्याचेच आहेत. या शब्दात मुक्याने बसलेलं एकही अक्षर नाही, आणि एकही अक्षर जोडीने आलेलं नाही. 'सेरेन्डिपिटी' असं देवनागरीत स्वच्छ लिहिलं तर प्रत्येक मात्रेला एक इंग्रजी स्वर मिळतो : दोन्ही एकारांना ई, दोन्ही ऱ्हस्व इकारांना आय, शेवटच्या दीर्घ ईकाराला वाय. मराठीतून शिकलेल्या मुलाची इथे चांदी होते. त्याच्या तोंडी सगळे स्वर स्पष्ट येतात, इंग्रजी घरात वाढलेल्या मुलाच्या तोंडी ते येत नाहीत.

अडचण वेगळीच आहे. स्पर्धेत शब्द उच्चारणारी व्यक्ती इंग्रजी पद्धतीने उच्चारते आणि इंग्रजीत सगळा जोर 'डिप' वर पडतो. 'इटी' ने संपणाऱ्या शब्दांत जोर नेहमी 'इटी' च्या लगेच आधीच्या अवयवावर येतो. इलेक्ट्रिसिटीत 'ट्रिस' वर, क्युरिऑसिटीत 'ऑस' वर, तसा इथे 'डिप' वर. एका ठिकाणी जोर पडला की त्याच्या शेजारचे स्वर विरून जातात. म्हणून कानाला 'सेरन्-डिप्-अटी' असं काहीसं ऐकू येतं. त्या 'रन्' मध्ये ई आहे, ए आहे, आय आहे की ओ आहे, हे नुसतं ऐकून कोणीही सांगू शकणार नाही, इंग्रजही नाही. मुलांच्या चुका बघाव्यात तर निम्म्या इथेच होतात : एस, ई, आर, आय, एन असं लिहिलं जातं, किंवा एस, ई, आर, ए, एन.

सेरेनिटीची युक्ती नेमकी याच जागी उपयोगी पडते. 'सेरेनिटी' चा जोर नियमाप्रमाणे 'इटी' च्या आधी, म्हणजे 'रेन' वर पडतो. जो स्वर सेरेन्डिपिटीत विरतो तोच सेरेनिटीत ठणठणीत ऐकू येतो. दुसऱ्या जागी ई आहे याचा पुरावा असा शेजारच्या शब्दाकडून मिळतो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ही पद्धत फार ठिकाणी चालते : ज्या स्वराचा आवाज कळत नाही, तो स्वर ज्यात जोरदार ऐकू येतो असा शब्द शोधायचा. फक्त मुलांना प्रामाणिकपणे सांगायला हवं की सेरेनिटी आणि सेरेन्डिपिटी यांचं रक्ताचं नातं नाही. सेरेनिटी लॅटिनमधली, निरभ्र आकाश सांगणाऱ्या शब्दापासून आलेली. सेरेन्डिपिटी सिंहलद्वीपाची. दोघींची अक्षरं जुळली हा योगायोग, आणि तो कामाला आला ही आपली हुशारी.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे दोन पी. मूल म्हणतं, "टीचर, डिप ला आयएनजी लावलं की डिपिंगमध्ये दोन पी येतात, मग इथे एकच का?" प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याला उत्तर आहे. ऱ्हस्व स्वरामागचं व्यंजन दुप्पट करण्याचा नियम आयएनजी, ईडी, ईआर, वाय अशा खास इंग्रजी प्रत्ययांसाठी आहे. 'इटी' लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला प्रत्यय आहे, तो व्यंजन दुप्पट करत नाही. टिमिड वरून टिमिडिटी होते तेव्हा डी एकच राहतो, रॅपिड वरून रॅपिडिटी होते तेव्हाही एकच. शिवाय इथला 'डिप' म्हणजे इंग्रजीतली बुडी नव्हेच, तो द्वीप आहे. ज्या मुलाने दोन पी लिहिले त्याला मी सांगतो की तुझं उत्तर 1557 च्या व्हेनिसमध्ये बरोबर ठरलं असतं. तो हसतो, आणि माझ्या अनुभवात पुढच्या वेळी एकच पी लिहितो.

तिसरी अडचण शेवटची. 'टी' च्या आधी आय की ई? सोसायटी, व्हरायटी, अँग्झायटी या शब्दांत टी-वाय च्या आधी ई असतो, म्हणून मुलं गोंधळतात. नियम सोपा आहे : मूळ शब्दाच्या शेवटी आधीच आय असेल तर दुसरा आय न ठेवता ई ठेवतात. सोसायटीत टी-वाय च्या आधीची अक्षरं आय आणि ई अशी आहेत, ती त्यामुळेच. सेरेन्डिप पी ने संपतो, म्हणून इथे साधा 'इटी', आय-टी-वाय. अमेरिकन उच्चार ऐकून काही जण टी च्या जागी डी लिहितात, कारण तिकडे तो टी मऊ होऊन 'डी' सारखा वाजतो. 'इटी' हा प्रत्यय म्हणून ओळखता आला की ही चूक राहत नाही.

मूळ गोष्टीला भाषणात जागा देता आली नाही याचं मला खरंच वाईट वाटलं, कारण वर्गात मुलं सगळ्यात जास्त रमतात ती तिच्यात. तीन राजपुत्र परदेशात चालले आहेत. वाटेत एक उंटवाला भेटतो, त्याचा उंट हरवला आहे. राजपुत्रांनी उंट पाहिलेला नाही. तरी पहिला विचारतो, तुझा उंट एका डोळ्याने आंधळा होता का? दुसरा विचारतो, त्याचा एक दात पडलेला होता का? तिसरा विचारतो, तो एका पायाने लंगडा होता का? पुढे ते सांगतात की त्याच्या पाठीवर एका बाजूला लोणी होतं आणि दुसऱ्या बाजूला मध, आणि वर एक गर्भवती बाई बसली होती. सगळं तंतोतंत खरं निघतं. उंटवाल्याला वाटतं हेच चोर. त्यांना पकडून बेहराम बादशहापुढे उभं केलं जातं.

मग उलगडा होतो. रस्त्याच्या एका बाजूचं गवत चांगलं होतं आणि दुसऱ्या बाजूचं खुरटं, पण खाल्लेलं होतं ते खुरटं गवत. चांगलं दिसलंच नाही, म्हणजे त्या बाजूचा डोळा नाही. वाटेत अर्धवट चावलेल्या गवताचे गोळे पडले होते, उंटाच्या एका दाताएवढे, म्हणजे दाताच्या फटीतून निसटलेले. मातीत तीन पावलांचे ठसे उमटले होते आणि चौथा पाय फरफटल्याची रेघ होती. एका कडेला मुंग्यांची रांग लागली होती, दुसऱ्या कडेला माशा घोंगावत होत्या. राजपुत्रांनी मुंग्यांवरून लोणी ओळखलं आणि माशांवरून मध. उंट बसलेल्या जागी लहान पावलाचा ठसा होता, आणि शेजारी हाताचे तळवे टेकल्याच्या खुणा. अंग जड असल्याने उठताना तिला हातांचा आधार घ्यावा लागला होता. तेवढ्यात उंट सापडल्याची बातमी येते आणि राजपुत्र बादशहाच्या मर्जीतले होतात.

गोष्ट सांगताना मी उत्तरं आधी सांगत नाही. खुणा फळ्यावर लिहितो आणि मुलांना उंटाचं वर्णन करायला लावतो. मुंग्या-माशांवर हमखास वाद होतो, कारण मुंग्या मधालाही लागतात हे त्यांनी घरात पाहिलेलं असतं. तो आक्षेप खरा आहे आणि मी तो मान्य करतो.

वॉलपोलना ही गोष्ट नीट आठवत नव्हती. त्यांच्या पत्रात उंटाचं खेचर झालं आहे, आणि पाच खुणांपैकी त्यांनी डोळ्याचीच सांगितली. अजून एक गोष्ट सूक्ष्म आहे, पण मोठ्या वर्गातल्या मुलांशी बोलावी अशी. राजपुत्रांनी केला तो तर्क आहे. खुणांवरून निष्कर्ष काढणं. त्यात चाणाक्षपणा भरपूर, योगायोग थोडाच. म्हणजे शब्दाला नाव ज्या गोष्टीवरून मिळालं, ती गोष्ट शब्दाच्या अर्थाचं अगदी चपखल उदाहरण नाही. माझ्या मते विल्यम पर्किनचं उदाहरण त्याहून नेमकं आहे, आणि तो वयानेही मुलांना जवळचा.

1856 साली ईस्टरच्या सुट्टीत अठरा वर्षांचा पर्किन लंडनमध्ये घरच्या प्रयोगशाळेत क्विनाइन बनवू पाहत होता. मलेरियावरचं हे औषध तेव्हा फक्त सिंकोना झाडाच्या सालीतून मिळायचं आणि महाग पडायचं. डांबरापासून निघणाऱ्या रसायनांतून ते तयार होईल असं त्याच्या शिक्षकांना वाटत होतं. पर्किनच्या भांड्यात मात्र काळपट गाळ उरला. प्रयोग फसला. तो गाळ अल्कोहोलने साफ करताना द्रावण गडद जांभळं झालं. इथपर्यंत योगायोग. पुढे त्याने त्या रंगात रेशमाचा तुकडा बुडवून पाहिला, तो धुऊन, उन्हात ठेवून टिकतो का ते तपासलं, कापड रंगवणाऱ्या कारखानदारांना नमुना पाठवला आणि त्याच वर्षी पेटंट घेतलं. कृत्रिम रंगांच्या उद्योगाची ती सुरुवात. क्विनाइन त्याला मिळालं नाहीच. भांडं घासून दुसऱ्या दिवशी पुन्हा क्विनाइनच्या मागे लागला असता तर दोष कोणी दिला नसता, पण जांभळा रंगही गेला असता.

शब्दाचं नशीब पुढे बरंच विचित्र निघालं. वॉलपोल यांची मान यांना लिहिलेली पत्रं 1833 मध्ये छापली गेली, तोवर तो शब्द एका पत्रात पडून होता. छापल्यावरही काही दशकं पुस्तकवेड्या मंडळींपुरताच राहिला. शास्त्रज्ञांच्या आणि सामान्य लोकांच्या बोलण्यात तो आला विसाव्या शतकात.

स्पर्धेत हा शब्द कोणाच्या वाट्याला आलाच तर थोडं सावकाश घ्यावं. बहुतेक स्पेलिंग स्पर्धांत अर्थ, शब्दाचा प्रकार, मूळ भाषा आणि वाक्यातला उपयोग विचारता येतो. आपल्या शाळेचे नियम आधी पाहून ठेवावेत. मूळ विचारलं तर उत्तर मिळतं की फारसी परीकथेतल्या सेरेन्डिपवरून आलेला इंग्रजी शब्द, आणि तेवढ्यावर पहिली आठ अक्षरं जागेवर बसतात. मग 'सेरेन्डिप' आणि 'इटी' असे दोन तुकडे मनात धरून, प्रत्येक तुकड्यानंतर किंचित थांबत अक्षरं म्हणावीत. पुष्कळ ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू देतात, पण आधी तोंडातून गेलेली अक्षरं बदलू देत नाहीत. म्हणून पहिला ई म्हटल्यावर आर आणि दुसरा ई या जागी घाई करू नये, अडखळण्याची खरी जागा तीच. परीक्षकांनी पुढचा शब्द म्हणून विशेषण विचारलं, 'सेरेन्डिपिटस', तर शेवटचा वाय काढायचा आणि ओ, यू, एस लावायचं. बाकीची दहा अक्षरं जशीच्या तशी राहतात.